न हलणाऱ्या सौद्याची मुदत किती?

एखादा समभाग गेल्या वीस दिवसांतील सर्वोच्च पातळी ओलांडून ५०० रुपयांवर बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी एक व्यावसायिक त्याचे २५० समभाग विकत घेतो. ४८० रुपयांना स्टॉपलॉस आणि ५४० रुपयांना उद्दिष्ट, असे त्याचे गणित असते. चुकले तर पाच हजारांचा तोटा, साधले तर दहा हजारांचा नफा. सौदा नीट आखलेला आहे. प्रत्यक्षात मात्र भाव वरही जात नाही आणि खालीही येत नाही. पहिल्या आठवड्यात ५०४, दुसऱ्यात ४९७, तिसऱ्यात पुन्हा ५०१. स्टॉपलॉस लागलेला नाही, म्हणून सौदा चुकला असे म्हणता येत नाही. उद्दिष्ट आलेले नाही, म्हणून साधला असेही म्हणता येत नाही. सव्वा लाख रुपये मात्र त्या एका नावावर अडकून पडले आहेत.

किमतीचा स्टॉपलॉस ‘भाव विरुद्ध दिशेने गेला तर काय’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ‘भाव कुठेच गेला नाही तर काय’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. ते देण्यासाठी जो नियम वापरला जातो त्याला व्यवहारात ‘टाइम स्टॉप’ म्हणतात. ठरावीक संख्येच्या व्यवहारदिवसांत सौद्याने अपेक्षित हालचाल दाखवली नाही, तर नफातोट्याचा विचार न करता बाहेर पडायचे, हे त्याचे स्वरूप. मार्कोस लोपेझ द प्राडो यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात प्रत्येक सौद्याभोवती तीन भिंती कल्पिल्या आहेत : वर नफ्याची, खाली तोट्याची आणि समोर मुदतीची. पहिल्या दोन भिंती बहुतेक जण आखतात. तिसरी कुठे बांधायची, हे मात्र सहसा अंदाजावर सोडले जाते. कुणी पाच दिवस म्हणतो, कुणी तीन आठवडे. ही संख्या स्वतःच्याच नोंदींतून काढता येते. पण ती काढताना एक मोठी फसगत होण्याचा संभव असतो आणि ती बहुतेकांची होते.

मुदतीची कल्पना मुळात का उद्भवते, हे आधी पाहिले पाहिजे. प्रत्येक खरेदीमागे एक कारण असते आणि प्रत्येक कारणाला स्वतःचे घड्याळ असते. कंपनीचे तिमाही निकाल अपेक्षेपेक्षा चांगले लागले म्हणून केलेली खरेदी घ्या. निकालानंतर भाव त्याच दिशेने हळूहळू सरकत राहतो, हे बर्नार्ड आणि थॉमस यांनी १९८९ मध्ये अमेरिकी बाजाराच्या आकडेवारीवरून दाखवले आणि तो प्रवाह त्यांनी सुमारे साठ व्यवहारदिवसांपर्यंत मोजला. अशा खरेदीला पाच दिवसांची मुदत लावणे म्हणजे पेरणीनंतर आठवड्यात कापणीला निघणे. उलट, वीस दिवसांच्या उच्चांकावरची खरेदी, म्हणजे ब्रेकआउट, ही वेगळ्या जातीची आहे. ‘या पातळीवर आतापर्यंत अडून राहिलेले विक्रेते संपले, आता खरेदीदार भाव वर नेतील’ हे तिचे कारण. हे कारण खरे असेल तर त्याचा प्रत्यय लवकर यायला हवा. दोन आठवडे भाव त्याच पातळीवर रेंगाळला, तर विक्रेते संपलेले नव्हते, एवढेच सिद्ध होते. सौदा तोट्यात नसला, तरी तो करण्याचे कारण संपलेले असते.

आता आकडे. समजा, वर सांगितलेल्या पद्धतीच्या १२० पूर्ण झालेल्या सौद्यांची नोंदवही हाताशी आहे. सर्वांत स्टॉपलॉस ४ टक्क्यांवर आणि उद्दिष्ट ८ टक्क्यांवर होते, मुदतीचा नियम नव्हता, चाळीस दिवसांनंतरही काहीच न घडलेले मोजके सौदे तेवढे आहे त्या भावात मिटवले. हे आकडे केवळ रीत समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या वहीतील आकडे घालायचे. नोंद साधी असते. खरेदीची तारीख व भाव, त्यानंतर प्रत्येक व्यवहारदिवसाचा बंद भाव खरेदीच्या तुलनेत किती टक्के वर वा खाली, आणि स्टॉपलॉस किंवा उद्दिष्ट कोणत्या दिवशी गाठले. एकाच दिवसात दोन्ही पातळ्या शिवल्या गेल्या असतील, तर स्टॉपलॉस आधी लागला असे धरावे. दिवसाच्या आकडेवारीतून क्रम कळत नाही आणि शंकेचा फायदा स्वतःला देणे धोक्याचे असते.

या १२० सौद्यांपैकी ४६ उद्दिष्टाला पोहोचले, ७० स्टॉपलॉसला आणि ४ जवळपास खरेदीच्याच भावात मिटले. ४६ गुणिले ८ म्हणजे ३६८, त्यातून ७० गुणिले ४ म्हणजे २८० वजा; उरतात ८८. सरासरी प्रत्येक सौद्याला ०.७३ टक्के. डिलिव्हरीच्या व्यवहारावर खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का रोखे व्यवहार कर, खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, शिवाय इतर आकार आणि भावातील घसट मिळून ०.३ टक्के खर्च धरला, तर हाती ०.४३ टक्के राहतात. सव्वा लाखाच्या सौद्यामागे सुमारे ५४० रुपये. पद्धत फार थोर नाही, पण चालणारी आहे.

आता ती फसगत. बहुतेक जण वहीतील ४६ यशस्वी सौदे बाजूला काढतात आणि पाचव्या दिवशी ते कुठे होते हे पाहतात. समजा, १४ तोवर उद्दिष्टाला पोहोचून बंदही झाले होते आणि २० खरेदीपेक्षा एका टक्क्याहून अधिक वर होते. म्हणजे ४६ पैकी ३४, जवळजवळ तीन चतुर्थांश. निष्कर्ष तयार असतो : ‘चांगले सौदे पाच दिवसांत हलतात, म्हणून न हललेला सौदा सहाव्या दिवशी काढून टाकावा.’ हा निष्कर्ष ऐकायला पटतो, पण त्यातून काहीही सिद्ध होत नाही. ज्याला वर जायचे आहे तो वाटेत वर दिसणारच. नाणेफेकीने भाव ठरवला आणि त्यातील यशस्वी प्रवास निवडून काढले, तरी त्यांतले बहुतेक मध्यावर वरच्या बाजूलाच आढळतील. शेवट ठाऊक असलेल्यांकडे मागे वळून पाहिले की सुरुवातही अर्थपूर्ण वाटू लागते.

पाचव्या दिवशी सायंकाळी व्यावसायिकासमोर असतो तो प्रश्न उलट दिशेचा आहे. या सौद्याचा शेवट त्याला ठाऊक नाही. तो न हललेला आहे, एवढेच ठाऊक आहे. म्हणून वहीतूनही तेच विचारले पाहिजे : पाचव्या दिवसअखेर जे सौदे न हललेले होते, त्या सर्वांचे पुढे काय झाले? ‘न हललेला’ याची व्याख्या आधी पक्की करावी लागते. येथे बंद भाव खरेदीच्या वर-खाली एका टक्क्याच्या आत, म्हणजे ४९५ ते ५०५ च्या दरम्यान, अशी ती धरू. स्टॉपलॉसच्या अंतराचा एक चतुर्थांश, असे ठरवले की जास्त आणि कमी चंचल समभागांना एकच मोजपट्टी लावता येते.

समजा, पाचव्या दिवशी असे ३० सौदे होते. त्यांपैकी पुढे ९ उद्दिष्टाला गेले, १९ स्टॉपलॉसला आणि २ तसेच मिटले. हा ९ चा आकडा बरा की वाईट, हे ठरवायला तुलनेचा मापदंड हवा आणि तो सुदैवाने साध्या अंकगणितात मिळतो. ज्या भावाला कोणत्याही बाजूचा ओढा नाही, तो ५०० वरून निघाला तर आधी ४८० ला पोहोचेल की ५४० ला? खालची भिंत वीस रुपयांवर आहे, वरची चाळीसवर. खालचे अंतर निम्मे, म्हणून तिथे आधी पोहोचण्याची शक्यता दुप्पट. तीनांतून दोनदा तोटा, एकदा नफा. दोनदा पाच हजार गेले, एकदा दहा हजार आले, हिशेब शून्य. अर्थात, कसलेही विशेष ज्ञान नसताना यशाचे प्रमाण ३३ टक्के असते.

या मापदंडावर वही ठेवून पाहावी. निकाल लागलेल्या एकूण ११६ सौद्यांपैकी ४६ यशस्वी, म्हणजे ४० टक्के. ३३ आणि ४० यांतील अंतर हीच त्या पद्धतीची सारी कमाई. पाचव्या दिवशी न हललेल्या आणि पुढे निकाल लागलेल्या २८ पैकी ९, म्हणजे ३२ टक्के. कमाई नाहीशी झाली आहे. ब्रेकआउटच्या दिवशी त्या समभागात जे वेगळेपण होते ते पाच दिवसांत विरले, आणि आता तो बाजारातील इतर कोणत्याही समभागासारखा एक समभाग आहे. तो वाईट झालेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तो फक्त सामान्य झाला आहे आणि सामान्य समभाग धरून ठेवण्याचे कारण त्या व्यावसायिकाकडे नव्हते.

हीच विचारणा इतर दिवसांसाठी करता येते. समजा, तिसऱ्या दिवशी न हललेल्या व निकाल लागलेल्या ४२ सौद्यांपैकी १७ यशस्वी झाले. प्रमाण ४० टक्के, म्हणजे अनुकूलता अजून शाबूत. आठव्या दिवशी २० पैकी ६, बाराव्या दिवशी १३ पैकी ४. दोन्ही तीस टक्क्यांच्या आसपास. चित्र असे की तीन दिवस थांबणे योग्य, पाचाच्या पुढे थांबण्यात अर्थ नाही. तिसऱ्याच दिवशी कंटाळून बाहेर पडणारा मात्र चांगले सौदे सोडून देत असतो. कंटाळा आणि मुदत यांतला फरक असा वहीत उमटतो.

येथे एक बारीक पण महत्त्वाची तपासणी राहते. न हललेल्यांच्या गटाची सरासरी किंमत खरेदी किमतीच्या अगदी जवळ असली पाहिजे. ५०५ वर उभ्या असलेल्या समभागाला खाली पंचवीस आणि वर पस्तीस रुपये उरतात. काहीही विशेष नसताना त्याच्या यशाची शक्यता साठांत पंचवीस, म्हणजे सुमारे ४२ टक्के होते. ४९५ वर तीच २५ टक्के. गट एका बाजूला कलला असेल, तर ३३ चा मापदंड लागू पडत नाही आणि निष्कर्ष खोटा ठरतो.

आता नोंदवहीचा सर्वांत नाजूक भाग. २८ पैकी ९ हा आकडा कितपत विश्वसनीय आहे? इतक्या लहान गटात नुसत्या योगायोगाने नऊ-दहा टक्क्यांची इकडेतिकडे होणे अगदी सामान्य असते. स्टॉपलॉस लागलेल्या १९ पैकी अवघे दोन सौदे दुसऱ्या दिशेने गेले असते, तर २८ पैकी ११ यशस्वी, म्हणजे ३९ टक्के झाले असते आणि पाच दिवसांच्या मुदतीचे सारे समर्थन कोसळले असते. आठव्या आणि बाराव्या दिवसांचे आकडे पाचव्याशी जुळतात ही जमेची बाजू खरी, पण त्यातही बरेचसे सौदे तेच आहेत. तीन साक्षीदार एकाच घरातले असावेत तसे. म्हणून शंभर-सव्वाशे सौद्यांच्या वैयक्तिक वहीवरून ‘पाच’ असा नेमका आकडा काढणे म्हणजे तागडी भाजीची आणि वजन सोन्याचे.

यावर उपाय नमुना मोठा करण्याचा. तीच खरेदीची अट काही शे समभागांच्या आठ-दहा वर्षांच्या भावांवर लावली, तर न हललेल्यांचा गट तीसऐवजी हजारांत मोजता येतो. त्यातही तीन ठिकाणी पाय घसरतो. आज निर्देशांकात असलेल्या कंपन्यांची यादी घेऊन दहा वर्षे मागे गेले, तर बुडालेल्या आणि वगळलेल्या कंपन्या आपोआप गाळल्या जातात आणि थांबून राहणे वास्तवाहून फायद्याचे दिसते. बोनस आणि समभाग-विभाजनाची दुरुस्ती केली नसेल, तर ५०० चा भाव एका रात्रीत २५० झालेला दिसतो व नसलेला स्टॉपलॉस लागतो. आणि दिवसांची मोजणी व्यवहारदिवसांत हवी, पंचांगातील दिवसांत नव्हे. चतुर्थीची सुटी मोजणीत धरायची नसते, तर दिवाळीच्या मुहूर्ताच्या तासाभराच्या सत्राची स्वतंत्र नोंद आकडेवारीत असते. तिला पूर्ण दिवस मानायचे की नाही हे आधी ठरवलेले बरे. तिसऱ्या आणि पाचव्या दिवसातला फरक शोधताना अशा एका दिवसालाही वजन असते.

दिवसाची निवड करतानाही संयम लागतो. एक ते तीस असे सगळे आकडे चालवून पाहिले, तर त्यांत एक कुठलातरी सर्वोत्तम दिसणारच, आणि तो सर्वोत्तम असण्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. सातव्या दिवशी निकाल उत्कृष्ट आणि सहाव्या व आठव्या दिवशी सामान्य, असे दिसले तर सात हा आकडा संशयास्पद समजावा. पाच ते दहा दिवस सगळीकडे साधारण तोच निकाल येत असेल, तर त्या पठारावरचा कोणताही मधला दिवस चालतो. सुरुवातीच्या वर्षांच्या आकडेवारीवर मुदत ठरवावी आणि राखून ठेवलेल्या नंतरच्या वर्षांवर ती एकदाच तपासावी. तिथे निकाल मनाजोगता आला नाही म्हणून मुदत बदलून पुन्हा तपासली, की राखीव वर्षे राखीव राहत नाहीत.

समजा, एवढे करूनही मुदतीचा निष्कर्ष टिकला. त्यातून प्रत्यक्ष लाभ किती? न हललेला सौदा सोडल्याने थेट नफा होत नाही. सरासरीने तो शून्याच्या जवळचाच होता. विक्रीचा खर्चही आज नाही तर उद्या द्यायचाच होता, म्हणून तो बाहेर पडण्याच्या विरोधात मोजू नये. लाभ होतो तो मोकळ्या झालेल्या भांडवलातून. व्यावसायिकाकडे पाच लाख रुपये आणि चार सौद्यांची जागा आहे. वहीतील ३० न हललेले सौदे पाचव्या दिवसानंतर सरासरी आणखी १४ दिवस जागा अडवून बसले होते असे धरले, तर ४२० दिवस होतात. एक नवा सौदा सरासरी दहा दिवस चालत असेल, तर तेवढ्यात ४२ नवे सौदे बसतात. प्रत्येकी ५४० रुपयांप्रमाणे सुमारे साडेबावीस हजार रुपये.

मात्र हा हिशेब एका गृहीतावर उभा आहे : जागा मोकळी होताच घेण्याजोगा नवा समभाग समोर असला पाहिजे. बाजार मंदावलेला असताना महिनाभर एकही ब्रेकआउट मिळत नसेल, तर मोकळे पैसे खात्यात पडून राहतात आणि मुदतीच्या नियमाने फारसे काही साधत नाही. म्हणून वहीत आणखी एक रकाना असावा : जागा नसल्यामुळे किती सौदे सोडावे लागले. तो रिकामा असेल, तर टाइम स्टॉपची निकड कमी आहे. सर्वांना एकच मुदत सांगणारे सल्ले निरुपयोगी ठरतात ते याच कारणाने.

काही पद्धतींत हा नियम सरळ घातक ठरतो. दीर्घकाळचा कल पकडू पाहणाऱ्यांची वर्षभराची कमाई बहुधा मोजक्या सौद्यांतून येते आणि त्यांतले काही आधी अनेक आठवडे झोपलेले असतात. मुदतीची कात्री नेमकी त्यांच्यावर चालू शकते. मूल्य पाहून खरेदी करणाऱ्याचे घड्याळ वर्षांत चालते. ऑप्शन विकणाऱ्याला तर भाव न हलणे हेच हवे असते. उलट, ऑप्शन विकत घेणाऱ्याचे पैसे भाव स्थिर असतानाही दररोज झिजतात. त्याच्यासाठी ‘न हललेला सौदा’ प्रत्यक्ष तोट्याचा असतो आणि मुदतीची गरज सर्वांत मोठी. आणखी एक अपवाद नोंदवण्याजोगा आहे. मुदत संपण्याच्या सुमारास कंपनीचे निकाल यायचे असतील, तर भाव अनेकदा त्या बातमीची वाट पाहत थांबलेला असतो. अशा सौद्यांची गणना वेगळी ठेवावी. निकालाच्या आधी बाहेर पडायचे की नंतर, याचा नियम खरेदीपूर्वीच लिहिलेला असावा.

नियमाची अंमलबजावणी दिसते त्यापेक्षा अवघड असते. स्टॉपलॉसचा आदेश यंत्रणेत घालून ठेवता येतो. ‘सहाव्या दिवशी भाव ४९५ ते ५०५ च्या दरम्यान असेल तर विका’ असा आदेश मात्र सर्वसाधारण खात्यात घालता येत नसल्याने तो हातानेच पाळावा लागतो. आणि हात नेमका तेव्हा अडखळतो. भाव ४९७ असतो आणि मनात येते की ५०० येऊ दे, मग निघू. खरेदीचा भाव बाजाराला ठाऊक नसतो, तो फक्त खरेदीदाराच्या स्मरणात असतो. तरी त्याच्याभोवती निर्णय घुटमळतात. टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका दलाली संस्थेच्या दहा हजार खात्यांचे १९८७ ते १९९३ मधले व्यवहार तपासले, तेव्हा लोक नफ्यातले समभाग तत्परतेने विकतात आणि तोट्यातले धरून ठेवतात असे स्पष्ट दिसले. ४९७ वर थांबणारा त्याच सवयीचा सौम्य रुग्ण. म्हणून बाहेर पडण्याची तारीख खरेदीच्याच दिवशी, भावाशेजारी, वहीत लिहून ठेवण्याची पद्धत चांगली. पाचव्या दिवसाचा बंद भाव पाहून निर्णय होतो, त्यामुळे विक्री सहाव्या दिवशी सकाळच्या भावात धरावी आणि जुन्या आकडेवारीची तपासणीही त्याच भावाने करावी. ज्या बंद भावावर निर्णय घेतला त्याच भावात विक्री झाली असे धरणारा हिशेब कागदावर नेहमी थोडा अधिक गोड दिसतो.

बाहेर पडल्यानंतर दोन आठवड्यांनी तोच समभाग ५०६ ओलांडून पुन्हा वीस दिवसांचा उच्चांक करतो, असेही घडते. तेव्हा तो पूर्वी सोडलेला सौदा नसतो. खरेदीची अट नव्याने पूर्ण झालेली असते. घ्यायचा असेल तर नव्या भावात, नव्या स्टॉपलॉससह घ्यावा आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.